दोन 'आय'चं काय करायचं?

दोस्तांनो, स्क्रॅबल खेळताना तुमच्या पट्टीवर कधी एकाच अक्षराचे दोन ठोकळे आलेत? येणारच! शंभर ठोकळ्यांत 'ई' बारा असतात, 'ए' नऊ आणि 'आय'ही नऊ. या 'आय'च्या जोडीने मला एकदा असं काही रडवलं, की ती गंमत तुम्हाला सांगायलाच हवी.

मे महिन्याच्या सुट्टीत मी मामाकडे गेलो होतो. मामाची मुलगी, म्हणजे आमची ताई, स्क्रॅबलमध्ये भारी पटाईत. एका डावात माझ्या पट्टीवर आले बी, ई, एच, आय, आय, आर आणि टी. पटावर 'कार' हा शब्द उभा होता. त्याच्या खाली 'टी' ठेवला की 'कार्ट' होणार आणि त्याच 'टी'तून माझा आडवा शब्द जाणार. मी ऐटीत 'बर्थ' लावला. रेल्वेतला हं, बी-ई-आर-टी-एच! त्याचे दहा, 'कार्ट'चे सहा, एकूण सोळा गुण.

ताई गालातल्या गालात हसली.

माझ्या पट्टीवर उरले दोन 'आय'. थैलीतून पाच ठोकळे काढले, तर आय, ए, ओ, यू, ई! सातच्या सात स्वर! पुढच्या खेपेला पटावरच्या 'एल'ला धरून कसाबसा 'ऑइल' केला. गुण तीन. तेल गेलं, तूप गेलं अशी गत! तो डाव मी सपशेल हरलो.

"अरे, तू बर्थ लावलास, पण चुकीचा," ताई म्हणाली. मला काही कळेना. मग तिने ठोकळे मांडून दाखवलं. जन्म या अर्थाचा 'बर्थ' आठवा, बी-आय-आर-टी-एच. आपल्या तोंडी दोन्ही शब्द सारखेच! 'ई' आणि 'आय' दोन्ही एकेका गुणाचे, म्हणजे जागा तीच आणि गुणही तेच सोळा. फरक एवढाच, की तेव्हा पट्टीवर आय-आय न उरता ई-आय उरले असते.

आता तुम्ही म्हणाल, एका अक्षराने असं काय बिघडतं? बघा हं. सात ठोकळ्यांत दोन 'आय' असले, की वेगवेगळी अक्षरं सहाच उरतात, म्हणून जुळणारे शब्द कमी होतात. त्यात थैलीतून तिसरा 'आय' आला, तर विचारूच नका. शिवाय सगळ्या जोड्या सारख्या नसतात. दोन 'ई' 'ट्री'त, 'स्लीप'मध्ये खपतात, दोन 'ओ' 'मून'मध्ये. दोन 'आय'चे सोपे शब्द आठवून पाहा बरं! 'मिनी', 'टॅक्सी' नव्हे (त्यात एकच), 'डिजिट', 'लिमिट', 'व्हिजिट'... इथेच डोकं खाजवावं लागतं. दोन 'यू' आले तर त्याहून वाईट.

म्हणून ताईचा हिशेब असा, की शब्द लावण्याआधी पट्टीवर मागे काय उरेल ते पाहायचं. दोन-चार गुण कमी मिळाले तरी चालतील, पण जोडीतला एक 'आय' तरी वापरायचा. मात्र त्यासाठी दहा-पंधरा गुण सोडावे लागत असतील, तर खुशाल गुण घ्यायचे. आणि थैली रिकामी झाली की हा हिशेब संपला. नवीन ठोकळे येणारच नसतात, तेव्हा लवकर पट्टी रिकामी कशी होईल ते बघायचं.

हे ऐकून मला वाटलं, चला, गुरुकिल्ली मिळाली! दुसऱ्या दिवशी पट्टीवर पुन्हा दोन 'आय'. सोबत एन, व्ही, टी, ई, आर. दोन्ही 'आय' एका झटक्यात उडवायचे म्हणून मी घाईघाईने 'इन्व्हाइट' लावला. नऊ गुण, आणि पट्टीवर फक्त 'आर'. मी विजयी मुद्रेने ताईकडे पाहिलं.

"तो 'आर' शेवटी का नाही लावलास?" तिने विचारलं.

इन्व्हाइटर! म्हणजे आमंत्रण देणारा. सातही ठोकळे एकदम लावले की पन्नास गुण जास्तीचे मिळतात. म्हणजे दहा आणि पन्नास, साठ गुण! त्या वेळी दोन 'आय' हे संकट नव्हतंच मुळी, दोघांनाही त्या शब्दात हक्काची जागा होती. पण मला ते ठोकळे कधी एकदा पट्टीवरून जातात असं झालं होतं, त्यामुळे आधी सातही अक्षरं जुळवून बघायची, हेच राहिलं. एन आणि जी सोबत असले तरी असंच होतं बरं का. 'रायडिंग', 'हायडिंग' यांत दोन्ही 'आय' आरामात बसतात.

मी 'आर'कडे बघत बसलो होतो. तेवढ्यात ताईने तिच्याजवळचा 'डी' माझ्या 'इन्व्हाइट'च्या शेपटाला चिकटवला आणि अकरा गुण लिहून घेतले.