काय ते बाहेर, कसं ते आत

बुटीबोरीच्या एमआयडीसीत कामाला येणाऱ्या पोरांसाठी मी दर रविवारी एक न्यूजलेटर पाठवतो. पगाराची स्लिप, पीएफ, ओव्हरटाइम असले विषय असतात. अंक लिहायला दोन तास लागतात आणि सब्जेक्ट लाइनला कधीकधी तिसरा.

एका अंकाचा मुद्दा साधा होता. पीएफचा यूएएन हा बारा आकडी नंबर नोकरी बदलली तरी बदलत नाही. इथे मात्र एका ठेकेदाराकडून दुसऱ्याकडे जाताना कुणी जुना नंबर सांगत नाही, मग नवा तयार होतो आणि पैसे दोन खात्यांत विभागले जातात.

पहिली ओळ सुचली: ‘अंक १४: पीएफविषयी थोडंसं’. प्रामाणिक आहे, पण यात माझ्यासाठी काय, हे वाचणाऱ्याला कळत नाही. दुसरी होती: ‘तुमचे पीएफचे पैसे बुडाले?’ ही नक्की उघडली गेली असती. पण दोन खाती झाली म्हणून पैसे बुडत नाहीत, ती जोडता येतात. म्हणजे ओळ जी भीती दाखवते, ती आतल्या मजकुरात नाहीच. माझ्या लेखी क्लिकबेट म्हणजे हेच. कुतूहल जागवणं वाईट नाही; आत जे नाही त्याचं कुतूहल जागवणं वाईट. नवीन मेलला ‘Re:’ लावून जुनं बोलणं चालू असल्याचा भास करणं, हाही त्यातलाच प्रकार.

शेवटी पाठवली ती अशी: ‘नोकरी बदलली? यूएएन जुनाच द्या’. मुद्दा ओळीतच सांगून टाकला. माझा रूममेट म्हणाला, “भाऊ, सगळं सांगून टाकलं तर उघडंल कोण?” ज्याची दोन खाती आधीच झाली आहेत, तो उघडेल. त्याच्यासाठी सब्जेक्टशेजारी दिसणाऱ्या प्रीव्ह्यूत लिहिलं: ‘दोन झाले असतील तर जोडायचे कसे, ते आत’. काय ते बाहेर, कसं ते आत. फोनवर लांब ओळ मध्येच कापली जाते, म्हणून ‘नोकरी बदलली?’ हे शब्द सुरुवातीलाच ठेवले. ‘अंक १४’ तिथे असता, तर मोक्याची जागा आकड्यानेच खाल्ली असती.

ओळ चालली की नाही, हे ओपन रेटवरून ठरवताना मी जपून असतो. मेलमधलं एक न दिसणारं चित्र लोड झालं, की तो मेल ‘उघडला’ असं मोजलं जातं. २०२१पासून अ‍ॅपलच्या मेल अ‍ॅपमध्ये प्रायव्हसीची सोय चालू असेल, तर माणसाने मेल उघडला नाही तरी ते चित्र लोड होऊ शकतं. शिवाय यादी दोनशे जणांची असेल, तर दोन ओळी शंभर-शंभर जणांना पाठवून चाळीस विरुद्ध पंचेचाळीस आले, त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

म्हणून मी उत्तरं वाचतो. ‘माझेही दोन आहेत, आधी काय करू?’ असं कुणी विचारलं, तर ओळ योग्य माणसापर्यंत पोहोचली. आणि उघडणारे वाढले, पण त्याच अंकानंतर यादी सोडणारेही वाढले, तर ओळीने आतल्यापेक्षा जास्त कबूल केलं होतं, असं मी समजतो.