गोळीच्या नावातला एच

आईला साठाव्या वाढदिवसाला काय द्यायचं, यावर आमच्या डोंबिवलीच्या घरात महिनाभर चर्चा चालली होती. साडी नको, सोनं परवडत नाही. शेवटी मी बदलापूरच्या पुढे, मुरबाडच्या बाजूला असलेलं एक पंचकर्म केंद्र शोधलं आणि दोघींचं बुकिंग केलं. मला दोन वर्षं अंगावर पित्त उठायचं. गांध्या, खाज, रात्री झोप नाही. म्हटलं, आईचा आराम होईल आणि माझं पित्तही जाईल.

बुकिंगच्या फॉर्मवर पॅकेज, खोली, शाकाहारी-मांसाहारी असं सगळं विचारलं होतं. चालू औषधांसाठी मात्र रकानाच नव्हता. ते मला तेव्हा खटकलं नाही. खटकायला हवं होतं, कारण आमच्या मावशीचं प्रकरण जेमतेम वर्षभरापूर्वीचं.

मावशी कल्याणला असते. ती दुसऱ्याच एका ठिकाणी तीन दिवसांच्या ‘डिटॉक्स’ला गेली होती. आल्या आल्या दुसऱ्या दिवशी जुलाबाचं औषध दिलं, पोट साफ झालं आणि तिला हलकंही वाटलं. घरी परतल्यावर ती पेज खात होती आणि नेमाने सकाळची रक्तदाबाची गोळी घेत होती. तिसऱ्या दिवशी तिने माझ्या मावसभावाला स्वतःच्या भावाच्या नावाने हाक मारली. रात्री बाथरूममध्ये पडली. हॉस्पिटलात रक्त तपासलं तर सोडियम ११८ निघालं. ते १३५ ते १४५ असायला हवं. डॉक्टरांनी गोळ्यांची पट्टी मागितली आणि नावाच्या शेवटी असलेल्या ‘एच’वर बोट ठेवलं. रक्तदाबाच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये हा एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढणारं औषध. एका बाजूने जुलाब, दुसऱ्या बाजूने गोळी आणि पोटात नुसती पातळ पेज. चार दिवस ॲडमिट होती.

आमच्या केंद्रावर मात्र पहिल्या सकाळी वैद्य मॅडमनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि मग म्हणाल्या, “औषधांची पिशवी दाखवा, सगळी.” आईने डबा उघडला. मॅडमनी एकेक पट्टी उलटून वाचली आणि सांगितलं, “काकू, तुम्हाला विरेचन नाही.” आईची गोळी मावशीच्याच जातीची होती आणि सोबत मधुमेहाची ग्लिमेपिराइड. ती खाऊन पोटात पेजच असली तर साखर झपाट्याने खाली येते. आई हिरमुसली. “मग गोळ्या आठ दिवस बंद ठेवते की,” म्हणाली. त्यावर मॅडम पहिल्यांदा कडक झाल्या. “तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना न विचारता एकही गोळी बंद करायची नाही. पंचकर्मासाठी तर अजिबात नाही.”

मग माझा नंबर. मला त्यांनी जे विचारलं ते मी कुठल्याच जाहिरातीत वाचलं नव्हतं. दिवस राहिले असण्याची शक्यता? मूळव्याधीतून रक्त? हृदयाचा किंवा किडनीचा त्रास? वजन अचानक उतरलंय? जेवण टाळायची सवय? हिमोग्लोबिन किती? आत्ता ताप? यातल्या कशालाही हो म्हटलं असतं तर माझंही विरेचन रद्द होतं. मनाच्या आजारासाठी लिथियम चालू आहे का, हेही विचारलं. शरीरातलं पाणी घटलं की लिथियम रक्तात साचून विषासारखं वागतं. गर्भनिरोधक गोळी चालू असेल तर जुलाबात तिचा भरवसा धरू नका, असंही आईसमोर सांगून टाकलं. आई खिडकीबाहेर बघत राहिली.

आता प्रत्यक्ष काय होतं ते. वमन, विरेचन, बस्ती, नस्य, रक्तमोक्षण ही पाच कर्मं. मालिश आणि वाफ ही त्यांची फक्त तयारी. माझं विरेचन ठरलं आणि सुरुवात झाली तुपाने. पहाटे उपाशीपोटी औषधी कडू तूप. पहिल्या दिवशी ३० मिली, मग ६०, ९०, १२०. वर गरम पाणी. खरी भूक लागेपर्यंत काही खायचं नाही. चौथ्या दिवशी तुपाचा वास आला तरी मळमळलं, त्वचा मऊ पडली, शौचाला तुपकट झालं. ‘स्नेहन झालं’ हे वैद्य यावरूनच ओळखतात, कॅलेंडरवरून नाही. मग तीन दिवस तेलाचं मालिश आणि पेटीतली वाफ. वाफेत डोकं बाहेर असतं, तरी चक्कर वाटली की लगेच सांगायचं. लाजून बसायचं नाही.

विरेचनाच्या दिवशी सकाळी त्रिवृत लेहाचा ५० ग्रॅमचा गोळा चाटला. चव गोड, मग तुरट. दीड तासाने सुरू झालं. खोलीला लागून बाथरूम का हवी, ते तेव्हा कळतं. परिचारिका वहीत वेग मोजत होती आणि तासातासाला रक्तदाब घेत होती. दिवसा झोपायचं नाही, थंड पाणी नाही, गरम पाण्याचे घोट चालू. ग्रंथात १०, २०, ३० वेग म्हणजे कमी, मध्यम, उत्तम शुद्धी. माझे १८ झाले आणि शेवटी नुसता चिकट कफ पडला. तिथे थांबायचं असतं. जास्त आकडा म्हणजे जास्त शुद्धी, असं मानून आणखी औषध मागणारे लोक असतात म्हणे. पोटऱ्यांत गोळे येणं, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, छातीत धडधड, लघवी जवळजवळ बंद, शौचात रक्त, किंवा मावशीसारखी असंबद्ध बडबड, यातलं काही दिसलं तर ते ‘विष बाहेर पडतंय’ नाही. तेव्हा हॉस्पिटल गाठायचं.

त्यानंतरचा भाग सगळ्यात कंटाळवाणा आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. पहिल्या दिवशी तांदळाची पातळ पेज, मग जरा घट्ट, मग मुगाचं नुसतं कढण, मग तूप-जिऱ्याची फोडणी दिलेलं, आणि पाचव्या दिवशी मऊ भात. याला संसर्जन म्हणतात. आता तुम्हीच बेरीज करा: चार, तीन, एक, पाच. तेरा दिवस. शनिवार-रविवारच्या पॅकेजमध्ये हे बसत नाही. तिथे मालिश, वाफ, शिरोधारा मिळत असेल तर मजेत करून या. पण तीन दिवसांत विरेचनही देतो म्हणाले, तर तूप कधी पाजणार आणि पेज कोण देणार, हे विचारा. आणि तपासणारी व्यक्ती नोंदणीकृत वैद्य आहे ना, हेही.

माझं पित्त? उठणं कमी झालं, थांबलं नाही. तेरा दिवस ऑफिसचं जेवण, जागरण आणि ऐरोलीचा प्रवास नव्हता, त्याचाही वाटा असेलच. मी त्वचेच्या डॉक्टरांची गोळी अजून घेते.

आईने मालिश आणि शिरोधारा करून घेतली, नेहमीच्या गोळ्या नेहमीच्या वेळी घेतल्या, तिन्ही त्रिकाळ नीट जेवली आणि माझ्या पेजेकडे दयेने पाहिलं. शेवटच्या संध्याकाळी ती ओसरीत बसून मावशीशी फोनवर बोलत होती. “अगं, माझ्याही गोळीला एच आहे,” ती सांगत होती, “तुझी नवीन पट्टी आण बघू, वाच मला नाव. चष्मा लाव आधी.”