यादीत नाव आहे का?

आमच्या शहरातल्या एका नागरिक गटाने मतदार नोंदणीचं एक चित्र तयार केलं. त्याखाली टाकायचा चार ओळींचा मजकूर मराठीत आणि उर्दूत लिहून द्या, असा त्यांचा निरोप आला. मी दोन्ही भाषा शिकवते आणि मध्यंतरी दोन वर्षं बीएलओ म्हणून घरोघरी फिरलेही आहे, म्हणून काम माझ्याकडे आलं. ठरलेला मजकूर असा:

"मतदार यादीत तुमचं नाव आहे का? कार्ड असलं तरी एकदा पाहा. voters.eci.gov.in वर किंवा १९५० या क्रमांकावर फोन करून. नाव नसेल तर नमुना ६, नाव-पत्ता चुकला असेल तर नमुना ८. अर्जाची शेवटची तारीख चित्रात आहे. मत कुणाला द्यायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा."

गटाच्या मूळ मसुद्यात पहिली ओळ होती, "तुमच्याकडे मतदान कार्ड आहे का?" ती बदलावी, असा आग्रह मी धरला. त्याला कारण माझी खाला.

खाला चार वर्षांपूर्वी सोलापूरहून पुण्याला मुलाकडे राहायला आली. तिचं कार्ड बटव्यात, प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेलं. "माझं सगळं आहे बेटा," असं ती छातीठोकपणे सांगायची. कार्डावरचा क्रमांक, तीन अक्षरं आणि सात अंक, मी शोधात टाकला तर काहीच निघालं नाही. मग सोलापूरच्या जुन्या केंद्राची यादी उघडली. यादी घर क्रमांकाने लावलेली असते. शेजारच्या घरांची ओळखीची नावं दिसली, म्हणजे यादी बरोबर होती. खालाचं नाव मात्र नव्हतं. ती तिथे राहत नाही म्हणून ते वगळलं गेलं होतं. वगळण्याआधी नोटीस द्यावी लागते, पण नोटीस जाते यादीतल्या पत्त्यावर, आणि त्या घराला चार वर्षं कुलूप होतं.

कार्ड ही ओळख आहे, नोंद नव्हे. नोंद असते यादीत. केंद्रावरचा अधिकारी आधी यादीतला अनुक्रमांक शोधतो, मग ओळखपत्र मागतो. नाव यादीत असेल आणि कार्ड हरवलं असेल, तर आधार, पासपोर्ट, पॅन किंवा वाहन परवाना दाखवून मत देता येतं. उलट कार्ड हातात आणि नाव यादीत नाही, तर काही उपाय नाही.

आता खालासाठी कोणता नमुना? घर बदललं की नमुना ८ भरायचा, हे खरं. पण ते नाव कुठल्या तरी यादीत जिवंत असेल तेव्हा. तिचं नाव कुठेच उरलं नव्हतं, म्हणून नमुना ६, नव्या मतदारासारखा. पत्त्याच्या पुराव्याशी गाडी अडली, कारण लाइट बिल मुलाच्या नावावर होतं. पण त्याच पत्त्यावर आई-वडील, नवरा-बायको किंवा सज्ञान मूल आधीच मतदार असेल, तर त्यांच्या नावाचा पुरावाही चालतो. मुलाचं नाव त्या घराच्या पत्त्यावर होतं, तेवढं पुरलं. अर्ज भरल्यावर मिळणारा संदर्भ क्रमांक आम्ही डायरीत लिहून ठेवला. बीएलओ पडताळणीला आले तेव्हा मुद्दाम कुणीतरी घरी थांबलो. पुष्कळ अर्ज इथेच अडकतात: घराला कुलूप, शेजारी म्हणतात "माहीत नाही", आणि तसा शेरा पडतो.

आपल्या नावांची अडचण वेगळीच. घरी आपण नाव उर्दूत लिहितो, आधारवर ते इंग्रजीत असतं, यादीत मराठीत. या प्रवासात 'शेख'चा 'शैख' होतो, 'अन्सारी'चा 'अनसारी', आणि 'झुबेदा' कुठे 'जुबेदा' तर कुठे 'जुबैदा'. म्हणून नुसत्या नावाने शोधून "नाव सापडत नाही" असं वाटून घेऊ नका. आधी कार्ड क्रमांकाने शोधा. नाही निघालं तर स्पेलिंग बदलून, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासह शोधा. तरीही नाही, तर आपल्या केंद्राची यादी उतरवून घर क्रमांकावर जा. एखाद्या काना-मात्रेच्या चुकीमुळे मत नाकारलं जात नाही. ओळख पटली की झालं. पण नावच वेगळं वाटावं अशी चूक असेल किंवा फोटो दुसऱ्याचा असेल, तर नमुना ८ भरून ती वेळेत दुरुस्त करून घ्या.

वेळेत म्हणजे केव्हा, यावर गटाशी माझी बराच वेळ चर्चा झाली. लोक मतदानाची तारीख लक्षात ठेवतात, आणि खरी मुदत त्याच्या कितीतरी आधी संपलेली असते. लोकसभा-विधानसभेसाठी उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत काही बदलता येत नाही. त्यातही तुमच्या अर्जावर आक्षेप घ्यायला सात दिवस ठेवावे लागतात. त्यामुळे उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसाच्या साधारण दहा दिवस आधी तुमचा अर्ज पोहोचलेला हवा.

महापालिकेचं गणित आणखी निराळं. पालिकेची वेगळी यादी नसते. राज्य निवडणूक आयोग एक तारीख ठरवतो, त्या दिवशीची विधानसभेची यादी घेतो आणि ती प्रभागांत वाटतो. महाराष्ट्रातल्या २९ महापालिकांचं मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झालं, पण त्यासाठीची यादी होती १ जुलै २०२५ ची. समजा, एखाद्या मुलाचं नाव ऑगस्टमध्ये विधानसभेच्या यादीत आलं. कार्डही घरी आलं. तरी जानेवारीत त्याला मत देता आलं नसतं. प्रभागाची प्रारूप यादी लागते तेव्हा हरकती मागवतात, पण त्या चुकून दुसऱ्या प्रभागात गेलेल्या नावांसाठी किंवा लेखनिकाच्या चुकांसाठी. नवं नाव तिथे घालता येत नाही. म्हणून चित्रावर मतदानाची नव्हे, अर्जाची तारीख मोठ्या अक्षरांत टाका, एवढं मी सांगितलं. निवडणूक जाहीर नसेल तर वाट बघायचं कारणच नाही; नोंदणी वर्षभर चालू असते.

शेवटची ओळ गटातल्या एका काकांना अनावश्यक वाटली. त्यांना तिथे "बदल घडवा" हवं होतं. मी नको म्हटलं. बदल हवा की नको, हेच तर मतदार ठरवणार. आणि चित्राचा रंगही कुठल्या झेंड्याशी जुळणारा नको, हे गटाने आपणहूनच पाळलं.

दुसरी सूचना अशी आली, की उर्दू मजकुरात "आपल्या कौमने" असं काहीतरी असावं, लोकांना जवळचं वाटेल. मी तेही घेतलं नाही. मराठी वाचणाऱ्या शेजाऱ्याला उर्दूत काय लिहिलंय ते कळत नाही, आणि उर्दूवाल्या बुजुर्गांना मराठीतलं. दोन्हीकडे ओळीला ओळ तीच असली, की कुणीही कुणाकडून वाचून घेतलं तरी अर्थ एकच निघतो. मराठीत 'पात्र नागरिक', उर्दूत 'अहल शहरी'. त्यात जो बसतो, त्या प्रत्येकासाठी ही सूचना आहे: नागरिक असलेला, १८ वर्षं पूर्ण झालेला आणि त्या पत्त्यावर खरोखर राहणारा. वयासाठी वर्षात चार तारखा धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. माझ्या दहावीच्या माजी विद्यार्थ्यांना मी सध्या एवढंच विचारते, यातली तुमची तारीख कोणती?