कोपराच्या आतली सात दिवसांची परीक्षा

मावसबहिणीच्या हळदीच्या सकाळी माझ्या पापण्या सुजल्या होत्या. चार दिवसांपूर्वी नवीन क्रीम सुरू केलं होतं, तेही पॅच टेस्ट करून! म्हणजे रात्री कानामागे ठिपका लावला, सकाळी काही दिसलं नाही, आणि मी ते बिनधास्त चेहऱ्यावर फासलं.

चूक तिथेच होती. त्वचेची ॲलर्जी एका रात्रीत दिसेलच असं नाही. आपल्या शरीराला एखादा घटक आधीपासून खुपत असेल, तरी पुरळ उठायला एक ते चार दिवस लागतात, कधी त्याहून जास्त. माझी टेस्ट पास झाली नव्हती, ती अर्धवट सोडलेली होती.

चेहरा पूर्ण शांत झाल्यावर, तीन आठवड्यांनी, मी पुन्हा टेस्ट केली. डाव्या हाताच्या कोपराच्या आतल्या बाजूला पेनने रुपयाच्या नाण्याएवढं वर्तुळ काढलं. त्यात रोज सकाळ-संध्याकाळ नेहमी लावते तेवढाच थर लावला. वर पट्टी नाही, कारण झाकल्याने क्रीम जास्त मुरतं आणि उगीच जळजळ होऊ शकते. उजव्या हातावर तसंच माझं जुनं, नेहमीचं मॉइश्चरायझर लावलं. दोन्ही हात लाल झाले असते, तर दोष घामाचा किंवा साबणाचाही असू शकला असता. रोज त्याच खिडकीपाशी फोटो काढला. हे सात दिवस करायचं ठरवलं होतं.

पहिले दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या संध्याकाळी खाज सुटली. चौथ्या दिवशी बारीक पुटकुळ्या आल्या आणि लाली वर्तुळाबाहेर सरकली. उजवा हात स्वच्छ होता. मी तिथेच थांबले, पण पुढचे दोन दिवस पुरळ वाढतच होतं.

ॲलर्जीची खूण साधारण अशीच असते: उशिरा येते, खाज जास्त, कडा पसरट, आणि लावणं बंद केल्यावरही काही दिवस वाढते. नुसती जळजळ असेल, तर ती सहसा लवकर होते, चुरचुरते, लावलेल्या जागेपुरती राहते आणि थांबवल्यावर ओसरू लागते. मात्र दोन्हींची सरमिसळही होते.

फेसवॉशसारखं धुऊन टाकायचं उत्पादन असेल, तर ते हातावरही लेबलवरच्या वेळेपुरतंच ठेवून धुवायचं. सात दिवस राहू दिलं तर कुणाचीही त्वचा चिडेल.

या घरगुती टेस्टने दोन गोष्टी कळत नाहीत. एक, नेमका कोणता घटक खुपतो. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर वेगवेगळे घटक चिकटवून दोन दिवसांनी आणि नंतर पुन्हा एकदा पाहतात. दुसरं, पुढे काय होईल. आज चालणारं क्रीम महिनोन्‌महिने वापरल्यावर ॲलर्जी निर्माण करू शकतं. आणि पापणीची त्वचा हाताहून पातळ असते, म्हणून हात पास झाला तरी मी आता डोळ्यांच्या आसपास सगळ्यात शेवटी जाते.

हळदीच्या सगळ्या फोटोंत मी गॉगल घालून आहे. बहीण अजून विचारते, एवढं कसलं ऊन होतं गं मांडवात?