घड्याळ लावण्याआधी

आमच्या चौथीच्या वर्गात पाढ्यांच्या वेगचाचणीचा कागद वर्षानुवर्षं एकच चालत आला होता. 40 गुणाकार, 3 मिनिटं. बहुतेक मुलं तो उत्साहानं सोडवतात. पण ‘सुरू करा’ म्हटलं की ज्यांचा हातच थांबतो, अशी दोन-चार मुलं प्रत्येक वर्गात असतात. त्यांतल्या एका मुलीचा कागद मी पुष्कळ वेळ बघत बसले. पहिली चार उत्तरं बरोबर होती. पाचवं गणित 7 × 8. तिथं खोडून खोडून कागद विरला होता आणि पुढं सगळं कोरं. मधल्या सुट्टीत डबा खाताना तिला सहज विचारलं, ‘‘सात अठ्ठे?’’ घास न थांबवता ती म्हणाली, ‘‘छप्पन्न.’’ आणि मग हळूच, ‘‘बाई, येतं मला. घड्याळ लावलं की काहीच आठवत नाही.’’

म्हणून आधी त्या मुलांना तीच 40 गणितं घड्याळाशिवाय दिली, दोन दिवसांत विभागून. त्यातून मुलांचे तीन गट स्पष्ट दिसले. काहींची उत्तरं निवांतपणीही चुकली. त्यांचा पाढाच कच्चा होता, त्यांना वेगाचा कागद देण्यात अर्थ नाही. काहींची उत्तरं बरोबर, पण ओठ हलत होते. ती ‘सात एके सात’पासून चढत चढत सात अठ्ठेपर्यंत पोचत होती. त्यांना मधूनच उडी मारायला शिकवावं लागतं, म्हणजे सात सत्ते एकोणपन्नास, त्यात आणखी सात. आणि तिसऱ्या गटातली मुलं, या मुलीसारखी, निवांतपणी झरझर बरोबर लिहितात आणि घड्याळ दिसलं की गोठतात. नवा कागद मी या तिसऱ्या गटासाठी केला.

ॲशक्राफ्ट आणि कर्क यांचं 2001 सालचं संशोधन इथं उपयोगी पडलं. ते मोठ्या विद्यार्थ्यांवर केलेलं होतं. गणिताची धास्ती असलेले विद्यार्थी हातच्याच्या बेरजा करताना, त्यातही आणखी काही लक्षात धरून ठेवावं लागलं की, अडखळत होते. धास्तीच डोक्यातली लक्षात धरून ठेवायची जागा अडवते. म्हणजे कागद असा हवा, की सुरुवातीलाच धास्तीला वाव मिळू नये.

नव्या कागदावर सुरुवातीला 12 च गणितं ठेवली, मोठ्या अक्षरात, एका ओळीत चार. पहिली ओळ मूल स्वतः निवडतं: बेच्या, पाचाच्या, दहाच्या पाढ्यातली, हमखास येणारी. दुसऱ्या ओळीत तशाच गणितांमध्ये आधी 7 × 7 आणि लगेच 7 × 8. तिसऱ्या ओळीत तेच उलटं, 8 × 7. एका कागदावर अवघड गुणाकार एकच. खोडरबर दप्तरात. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी लिहायचं, कारण या मुलांचा सगळ्यांत जास्त वेळ खोडण्यात जातो.

घड्याळ हळूहळू आणलं. पहिला आठवडाभर अजिबात नाही. मग मुलानं भिंतीवरच्या घड्याळात बघून सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ कोपऱ्यात स्वतः लिहायची. ‘वेळ संपली’ असं कुणी म्हणायचं नाही. त्यानंतर घंटा. घंटा झाली की जिथं असू तिथं आडवी रेघ मारायची, निळं पेन घ्यायचं आणि उरलेलं पुरं करायचं. कागद कधीच अर्धा राहत नाही. तुलना फक्त आपल्याच मागच्या रेघेशी, भिंतीवर नावांचा तक्ता नाही.

दोन ठिकाणी घोटाळा झाला. एकदा 6 × 9 च्या पुढं 56 लिहिलेलं आढळलं. आदल्या कागदावर त्याच चौकटीत 7 × 8 होतं. मुलं उत्तरांची जागा पाठ करत होती. तेव्हापासून प्रत्येक कागदाचे तीन वेगवेगळे क्रम काढते. दुसरं म्हणजे रेघ अचानक वर सरकली, की बहुधा नवा अवघड गुणाकार लवकर दिलेला असतो. मग आधीच्या कागदावर परत जायचं. एका मुलाच्या आई घरी मोबाईलवर वेळ लावून सराव घेत होत्या. त्यांना म्हटलं, ‘‘ताई, घरी नुसतं विचारा, वेळ राहू द्या.’’ त्यांनी ऐकलं.

ती मुलगी दिवाळीच्या सुट्टीपर्यंत 20 गणितांच्या कागदावर आली. 3 मिनिटांत ती 40 गणितं अजून सोडवत नाही, आणि मी तिला तसं करायलाही सांगत नाही. पण 7 × 8 पाशी आता ती थांबत नाही.

तुमच्या वर्गात कुणाचा कागद कोरा आला, तर त्यावर शेरा मारण्याआधी तोच कागद त्याला घड्याळाशिवाय एकदा सोडवायला द्या.