माहेरचा गवती चहा

मरोळच्या आमच्या गॅलरीतला गवती चहा अम्मीच्या माहेरचा. या गवताला सहसा फुलंच येत नाहीत, मग बी कुठलं! बेटातून फुटवे काढूनच ते वाढवतात. म्हणजे नानीच्या विहिरीकाठी होतं, तेच हे रोप. गावचं घर आता विकलं गेलंय. त्यामुळे यंदा मे महिन्यात पात्यांच्या कडा तपकिरी पडू लागल्या, तेव्हा अम्मी अस्वस्थ झाली.

शेजारच्या खाला म्हणाल्या, "बेटा, पाणी कमी पडतंय." पाणी तर रोज घालत होते. मी पातं उलटून पाहिलं. तांबेरा असता तर मागच्या बाजूला तपकिरी ठिपके किंवा रेघा दिसल्या असत्या. तसं काही नव्हतं. पाती टोकाकडून आणि कडांनी वाळत होती, तीही आधी बाहेरची, जुनी. मग पाणी घालून पाहत बसले. ते कुंडीच्या कडेने उतरून लगेच तळाच्या भोकातून बाहेर आलं. भोकातून मुळंही डोकावत होती. बेट इतकं दाटलं होतं, की माती उरलीच नव्हती. पाणी धरणार कोण? अशा वेळी युरिया घालायचा मोह होतो, पण कुंडीत क्षार साचले की कडा आणखी करपतात.

पाऊस लागला तसं जूनमध्ये बेट फोडायला घेतलं. पात्यांच्या कडा बोटं कापतात, म्हणून हाताला फडकं गुंडाळलं. पाती वीतभर ठेवून कापली. त्यातली हिरवी धुऊन सावलीत वाळवली. तपकिरी भाग पुन्हा हिरवा होत नाही, तो टाकून दिला. कुंडी आडवी करून थोपटली, तेव्हा मुळांचा घट्ट गोळाच बाहेर आला. जुन्या सुरीने त्याचे चार भाग केले. मधलं सुकं खोड टाकलं आणि कडेचे तीन-चार दांड्यांचे, मुळांसकट निघालेले झुपके निवडले. लांब मुळं चार बोटं ठेवून छाटली.

बारा इंची कुंडीत एकच झुपका लावला. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, थोडी वाळू. दांड्याचा पांढरा भाग जेमतेम झाकला. खोल पुरला तर कुजतो. आठवडाभर कुंडी सावलीत ठेवली. साधारण पंधरा दिवसांत मधून कोवळं पातं वर आलं, तेव्हा अम्मीचा जीव भांड्यात पडला.

खत मात्र महिनाभर दिलं नाही. नंतर महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत वरच्या मातीत मिसळलं. पावसाच्या पाण्याबरोबर खताचा कस वाहून जातो, म्हणून पावसाळ्यात हात थोडा सैल ठेवावा लागतो. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा आखडता.

पहिली कापणी सप्टेंबरअखेर. बाहेरची पाती तेवढी कापली, जमिनीपासून चार बोटं वर, उपटली नाहीत. मधला कोंब सोडला.

चार झुपक्यांतला एक खालांकडे गेला. आता पाणी घातलं की त्या आधी कुंडीखालची थाळी पाहतात.