नकाराचं पत्र

ऑफिसच्या यूपीएसच्या देखभालीचं (बॅटऱ्यांसकट) टेंडर होतं. एका व्हेंडरला नकार कळवायचा होता. 'दर जास्त वाटला' लिहून मोकळं होणं सोपं. पण दर त्यांचाच सगळ्यात कमी! अडलं ते वेळेवर. आम्ही मागितले होते ४ तास, त्यांनी लिहिलं, 'पुढच्या कामकाजाच्या दिवशी'. दराचं खोटं कारण दिलं, तर पुढच्या वेळी ते दर पाडणार आणि बॅटऱ्या हलक्या घालणार. म्हणून सरळ कलम नंबर, आमची अट आणि त्यांचं उत्तर, एवढंच लिहिलं. दुसऱ्याचा दर सांगितला नाही. उद्या यांचाही बाहेर जाईल असं वाटायला नको. 'पुढच्या वेळी नक्की' हे वाक्य खोडलं (असलं वचन कोण देणार?) आणि अनामत रक्कम त्याच दिवशी परत केली. संध्याकाळी फोन आला, "साहेब, पुण्यातच माणूस ठेवला तर चालेल ना?"